नोंदणी अर्जातील एक प्रश्न आणि दुकानाचे वर्षभराचे गणित

वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी संकेतस्थळावर अर्ज भरताना व्यवसायाची माहिती विचारणाऱ्या पानावर ‘Option for Composition’ असा एक प्रश्न येतो. उत्तरे दोनच, होय किंवा नाही. अर्ज बहुधा करसल्लागाराच्या कार्यालयात भरला जातो, आणि ‘लहान दुकान आहे, होय लिहा’ किंवा ‘नको, पुढे अडचण होते, नाही लिहा’ एवढ्यावर विषय संपतो. ग्राहक कोण, माल कुठला आणि नफ्याचे प्रमाण किती, हे तीन प्रश्न त्या वेळी क्वचितच विचारले जातात. वास्तविक त्या एका शब्दावर दुकानदाराचे बिल कसे दिसेल आणि खरेदीवर भरलेला कर त्याला परत मिळेल की नाही, हे ठरत असते.

सरकारी मराठीत जिला ‘आपसमेळ योजना’ म्हणतात ती ही कंपोझिशन योजना. केंद्रीय कायद्याच्या कलम १० मध्ये तिची तरतूद आहे. महाराष्ट्रात आदल्या आर्थिक वर्षात दीड कोटी रुपयांपर्यंत एकूण उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला ती घेता येते. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून लागू आहे. व्यापाऱ्याने करपात्र विक्रीवर एक टक्का कर भरावयाचा, तोही दर तिमाहीला CMP-08 या विवरणाद्वारे पुढील महिन्याच्या १८ तारखेपर्यंत. वर्षअखेरीस GSTR-4 हे एकच वार्षिक विवरणपत्र असते. दरमहा बिलांची जुळणी करण्याची कटकट त्यात नाही. मात्र या सवलतीची किंमत कायद्याने त्याच कलमात, एका वाक्यात सांगून ठेवली आहे: असा व्यापारी ग्राहकाकडून कर वसूल करणार नाही आणि खरेदीवरील कराची वजावटही त्याला मिळणार नाही.

या वाक्याचा अर्थ प्रत्यक्ष गल्ल्यावर काय होतो, हे पाहण्यासाठी कागल येथे विजेच्या सामानाचे दुकान टाकणाऱ्या एका व्यापाऱ्याची कल्पना करू. वायरचे एक बंडल तो घाऊक विक्रेत्याकडून २००० रुपयांना घेतो. त्यावर १८ टक्के दराने ३६० रुपये कर लागतो, म्हणजे खिशातून २३६० रुपये जातात. नियमित नोंदणी असेल तर तो ४०० रुपये नफा धरून २४०० रुपये किंमत लावील, त्यावर ४३२ रुपये कर आकारील आणि ग्राहकाकडून २८३२ रुपये घेईल. ४३२ मधून खरेदीवर भरलेले ३६० वजा करून सरकारजमा करावयाचे ते ७२ रुपये. नफा ४०० रुपयांचा ४०० राहिला.

आता हेच बंडल कंपोझिशनमधील दुकानातून त्याच २८३२ रुपयांना एखाद्या घरमालकाला विकले, असे धरू. खरेदीवरील ३६० रुपये परत मिळणार नाहीत, ते मालाच्या किमतीतच मुरले. विक्रीवर एक टक्का म्हणजे २८ रुपये ३२ पैसे कर भरावयाचा. हाती उरतात ४४३ रुपये ६८ पैसे. म्हणजे प्रत्येक बंडलामागे सुमारे ४४ रुपये जास्त, आणि हिशेबाचा व्यापही कमी. घरमालकाला वजावटीशी कर्तव्य नसते. त्याला एकूण किती पैसे द्यावे लागले तेवढेच कळते. येथवर योजना दुकानदाराच्या बाजूची आहे.

परंतु दुकानात वायरिंगचा नोंदणीकृत कंत्राटदार आला की चित्र पालटते. नियमित दुकानातून २८३२ रुपयांना घेतलेल्या बंडलावरील ४३२ रुपयांची वजावट त्याला मिळते, म्हणजे त्याला ते २४०० रुपयांनाच पडते. कंपोझिशनच्या दुकानातील बिलावर कर दाखवलेलाच नसतो, त्यामुळे त्याला काहीच वजा करता येत नाही. त्याला गिऱ्हाईक म्हणून टिकवायचे तर माल २४०० रुपयांनाच द्यावा लागेल. दुकानदाराची खरेदी २३६०, वर एक टक्का कर २४ रुपये; उरले अवघे १६ रुपये. ज्या व्यवहारात ४०० रुपये मिळाले असते तेथे ३८४ रुपयांचे नुकसान. घरमालकांना विकलेल्या नऊ बंडलांवर मिळालेले जादा ३९३ रुपये दहावे बंडल कंत्राटदाराला देताना जवळजवळ संपून जातात. तेव्हा दहातील एकाहून अधिक माल नोंदणीकृत खरेदीदारांना जाणार असेल, तर अशा दुकानाला ही योजना परवडत नाही. बाजारात याचे दुसरे रूप असे दिसते की कंत्राटदार घासाघीस करीतच नाही. तो ‘जीएसटीचे बिल मिळेल का’ एवढेच विचारतो आणि पुढच्या दुकानात जातो.

मालावरील कराचा दर हा दुसरा मुद्दा, आणि २२ सप्टेंबर २०२५ च्या दरबदलानंतर तो अधिक महत्त्वाचा झाला आहे. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातील भांड्यांसह १२ टक्क्यांतील पुष्कळ वस्तू पाच टक्क्यांवर आल्या. भांड्यांच्या दुकानदाराने १०० रुपयांचे पातेले पाच रुपये कर देऊन घेतले आणि १५ टक्के नफा धरून ११५ रुपये अधिक कर अशा १२० रुपये ७५ पैशांना विकले, तर नियमित पद्धतीत त्याला सरकारजमा करावयाचे ७५ पैसे. कंपोझिशनमध्ये त्याच किमतीवर एक टक्का म्हणजे १ रुपया २१ पैसे! सवलत म्हणून घेतलेली योजना येथे अधिक कर भरावयास लावते. पाच टक्क्यांच्या मालावर नफ्याचे प्रमाण साधारण २७ टक्क्यांच्या वर गेले तरच ती कराच्या दृष्टीने फायद्याची ठरते. १८ टक्क्यांच्या मालावर मात्र सात टक्के नफाही पुरेसा होतो. ज्या दुकानदारांनी जुन्या दरांच्या काळात ‘होय’ लिहिले होते, त्यांनी हा आकडा पुन्हा मांडून पाहिलेला बरा.

बिलाचे बंधन वरवर किरकोळ दिसते, पण चुका सर्वाधिक होतात त्या तेथेच. कंपोझिशनमधील व्यापारी ‘टॅक्स इन्व्हॉइस’ देऊ शकत नाही. त्याने ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यावयाचे आणि त्याच्या शिरोभागी ‘composition taxable person, not eligible to collect tax on supplies’ हे शब्द छापावयाचे. ‘composition taxable person’ हे शब्द दुकानाच्या ठळक जागी असलेल्या फलकावरही हवेत, आणि दुसरी शाखा असेल तर तेथेही. अडचण अशी की बाजारात मिळणारी बिलिंगची सॉफ्टवेअर बहुधा नियमित व्यापाऱ्याच्या गरजेप्रमाणे मांडलेली असतात. मांडणी न बदलता वापर सुरू केला की बिलावर नऊ अधिक नऊ टक्के आपोआप छापले जातात. असा वसूल केलेला कर सरकारकडे भरावाच लागतो, तो भरला म्हणून एक टक्का चुकत नाही, आणि योजनेच्या अटीचा भंग झाला म्हणून नोटीस येते ती वेगळीच. ग्राहकालाही हे पडताळता येते. बिलावरील नोंदणी क्रमांक संकेतस्थळाच्या ‘Search Taxpayer’ या सोयीत घातला की करदात्याच्या प्रकारापुढे ‘Composition’ असे दिसते. तसे दिसत असताना बिलावर कर वेगळा लावलेला असेल, तर ते बिल चुकीचे आहे.

खरेदीच्या बाजूला आणखी एक बाब राहून जाते. ट्रान्सपोर्ट कंपनीने भाड्यावर स्वतः कर आकारलेला नसेल, तर त्यावरील पाच टक्के कर माल मागवणाऱ्या दुकानदारालाच भरावा लागतो, आणि कंपोझिशनची एक टक्क्याची सवलत त्याला लागू नाही. चार हजारांच्या भाड्यावर दोनशे रुपये गेले ते गेले. नियमित व्यापाऱ्याला त्यांची वजावट मिळते. दुकानाच्या भाड्याबाबतही ऑक्टोबर २०२४ मध्ये असाच बोजा आला होता. नोंदणी नसलेल्या मालकाच्या गाळ्याचे भाडे भरणाऱ्यावर १८ टक्के कर बसला. जानेवारी २०२५ मध्ये कंपोझिशनच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले, हे बरे झाले.

कागलचे उदाहरण घेण्याचे कारण निपाणी. गाव शेजारचे, भाषा तीच, बाजारहाटही परस्परांत. पण मध्ये राज्याची सीमा आहे. कंपोझिशनमधील व्यापारी परराज्यातून माल विकत घेऊ शकतो, परराज्यात विकू शकत नाही. निपाणीतील बांधकामावर पंखे पोहोचवून दिले की तो आंतरराज्य पुरवठा झाला आणि योजनेची अटच मोडली. गल्ल्यावर रोखीने माल घेऊन जाणाऱ्या, नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाबाबत १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे की बिलावर त्याचा पत्ता असेल तर पुरवठ्याचे ठिकाण तो पत्ता, नसेल तर दुकान. नुसते राज्याचे नाव लिहिले तरी तो पत्ता लिहिल्यासारखेच धरले जाते. म्हणजे वॉरंटीच्या सोयीसाठी बिलावर सहज लिहिलेले ‘निपाणी, कर्नाटक’ हे शब्द महाग पडू शकतात. सीमेलगतच्या दुकानदाराने परराज्यातील गिऱ्हाईक हवे असल्यास ‘नाही’ हेच उत्तर द्यावे.

उत्तर बदलता येत नाही असे नाही. परंतु दोन्ही दारे सारखी नाहीत. योजनेतून बाहेर केव्हाही पडता येते. दीड कोटींची मर्यादा ओलांडली तर त्याच दिवसापासून योजना संपते. CMP-04 सात दिवसांत भरावा लागतो आणि टॅक्स इन्व्हॉइस सुरू करावे लागते. त्या वेळी शिल्लक मालावरील कर मागता येतो, त्यासाठी ITC-01 तीस दिवसांत भरावयाचा. दुकानात सहा लाखांचा १८ टक्क्यांचा माल असेल तर १ लाख ८ हजार रुपये हाती येण्याजोगे असतात. अट अशी की खरेदीचे बिल एक वर्षाहून जुने नसावे. गेल्या उन्हाळ्याच्याही आधी घेतलेले, न खपलेले पंखे त्यातून गळतात. अनेकांच्या बाबतीत ही बिलेच सापडत नाहीत, कारण वजावट मिळत नाही म्हणून खरेदीची बिले जपलेलीच नसतात.

आत येण्याचे दार मात्र वर्षातून एकदाच उघडते. नव्या नोंदणीच्या वेळी ते कोणत्याही महिन्यात खुले असते. त्यानंतर योजना हवी झाल्यास आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, CMP-02 भरावा लागतो. शिवाय तोवर घेतलेली शिल्लक मालावरील वजावट ITC-03 द्वारे परत करावी लागते. ज्याला पहिल्या वर्षी गिऱ्हाईक कोणते येईल याचा अंदाज नाही आणि ज्याचा माल १८ टक्क्यांचा आहे, त्याने ‘होय’ लिहून सुरुवात करावी, खरेदीचे प्रत्येक बिल तारीखवार फाइलला लावावे आणि किती गिऱ्हाईक ‘जीएसटीचे बिल’ मागून परत जातात याची नोंद वहीत ठेवावी.