कॅबिनेटमधला खुळखुळाट

भाच्याचा परवा फोन आला. "मामा, पीसी नव्या कॅबिनेटमध्ये बसवला. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा फिरतो आणि बंद पडतो." मी पहिला प्रश्न विचारला: जुना बोर्ड लहान होता का? होता, मायक्रो एटीएक्स.

कॅबिनेटच्या पत्र्यावर छोटे पितळी खांब असतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. बोर्ड त्यांच्यावर टेकतो आणि पत्र्यापासून अधांतरी राहतो. मोठ्या बोर्डासाठी लावलेला एखादा खांब लहान बोर्डाच्या भोकाखाली येत नाही. मग तो मागच्या टाक्यांना भिडतो आणि शॉर्ट होतो. एसएमपीएसला हे कळतं आणि तो स्वतःच बंद होतो, म्हणून तो अर्धा फेरा. बोर्डाखाली पडलेला एक सुटा स्क्रूही नेमकं हेच करतो.

खात्री करून घ्यायची तर बोर्ड बाहेर काढून कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा, कॅबिनेटच्या शेजारीच. सीपीयू, त्याचा पंखा, एक रॅम आणि पॉवरच्या वायरी जोडून कॅबिनेटच्या बटणानं चालू करा. इथे चालला, तर दोष पत्र्याकडे. भाच्याचा चालला. मग त्यानं बोर्डाची भोकं आणि पत्र्यावरचे खांब एकेक करून जुळवले, तेव्हा मधला एक खांब फाजील निघाला. तो काढला. बोर्ड चांदीसारख्या चकचकीत पिशवीवर ठेवून मात्र चालू करू नका, ती पिशवी वीज वाहू देते.

आता हात लावण्याबद्दल. आपल्या माळव्यात थंडीच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच वीज. बोटाला चटका जाणवतो तेव्हा ती साधारण 3,000 व्होल्टच्या पुढे असते, चिप मात्र काहीशे व्होल्टमध्येही बिघडू शकते. म्हणजे आपल्याला काहीच जाणवलं नाही तरी नुकसान होऊन गेलेलं असतं, आणि कधी रॅम महिन्याभरानं विचित्र वागू लागते.

उपाय सोपा आहे. भिंतीवरचं आणि एसएमपीएसचं, दोन्ही बटणं बंद करा, पिन मात्र सॉकेटमध्येच राहू द्या, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. मग पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. जुन्या वाड्यांत तिसरं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं. तशी शंका असेल, तर पिन सरळ काढा. तरीही सुटा भाग उचलण्याआधी दर वेळी पत्र्याच्या रंग नसलेल्या जागेला हात लावा, म्हणजे तुमच्यात आणि कॅबिनेटमध्ये विजेचा फरक उरत नाही. मनगटाला पट्टा असेल तर तो तिथेच अडकवा. बोर्ड कडेनं धरा. लोकरी कपडे आणि सतरंजी नकोच. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका.

आणि स्क्रू मोजा. मी ते चहाच्या बशीत ठेवतो. शेवटी एक कमी भरला, तर कॅबिनेट हळूच तिरपं करून कान द्या. खुळखुळ ऐकू आली, तर तो सापडेपर्यंत पॉवर नाही. भाच्याच्या कॅबिनेटमध्ये खांब काढल्यावरही खुळखुळ येत होती, आणि पंख्यामागून दुसराच एक स्क्रू निघाला.