केसाने गळा कापणारे

गेममधल्या पात्राचे केस वाईट दिसले की रिव्ह्यूत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इंजिनची मर्यादा आहे, सर." नायिकेच्या भांगाशेजारी भलतीकडेच टाळू चमकत असते, कॅमेरा जरा वळला की कानामागची बट लख्खकन उजळते आणि लगेच विझते, आणि तिची वेणी म्हणजे काळ्या रंगात बुडवलेला पीव्हीसी पाइप. हे सगळं इंजिनवर ढकलून मंडळी चहाला जातात. मला या वाक्याचा वीट आलाय, कारण या तिन्ही तक्रारींचा हार्डवेअरशी फारसा संबंध नाही. थॉर्स्टन शॉयरमन या एटीआयच्या माणसाने 2004 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये यावरचा उपाय कोडसकट मांडला. आज खिशातल्या फोनमध्ये त्या वेळच्या ग्राफिक्स कार्डापेक्षा जास्त ताकद आहे. मर्यादा असलीच तर ती दुसरीकडे आहे, आणि तिला पगार मिळतो.

आधी हेअर कार्ड म्हणजे काय ते बघू. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस. ते एकेक करून काढणं बहुतेक खेळांना परवडत नाही, म्हणून डोक्यावर काही शे वळलेल्या पट्ट्या चिकटवतात आणि प्रत्येक पट्टीवर केसांच्या झुबक्याचं चित्र असतं. चित्रात केस आहे तिथे अल्फा 1, मोकळी जागा आहे तिथे 0, आणि कडेला मधले आकडे. सगळा तमाशा या मधल्या आकड्यांचा आहे. अर्धपारदर्शक पिक्सेल मागच्या रंगात मिसळावा लागतो, आणि ही मिसळ क्रमावर ठरते.

बोटं मोडून हिशेब करू. दोन पट्ट्या एकापुढे एक, दोन्हींचा अल्फा 0.6, त्यांच्या मागे काळोख. मागची पट्टी उजेडात आहे, तिची प्रखरता 0.8. पुढची सावलीत, 0.2. मागची आधी काढली, मग पुढची, तर मागच्या पट्टीचे 0.48 होतात, त्यातले 40 टक्के पुढच्या पट्टीतून आरपार येतात आणि पुढचीचे स्वतःचे 0.12 त्यात पडतात. बेरीज 0.31. आता क्रम उलटा करा: उत्तर 0.53. तेच केस, तोच दिवा, आणि पिक्सेल दीडपटीहून जास्त उजळ. इंजिनला पट्ट्या सुट्या वस्तू म्हणून दिल्या असतील तर ते प्रत्येकीच्या मध्यबिंदूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर बघून क्रम लावतं. कॅमेरा फिरताना ती दोन अंतरं एकमेकांना ओलांडतात आणि एका फ्रेममध्ये 0.31 चे 0.53 होतात. हीच ती लख्खकन उजळणारी बट. सगळ्या पट्ट्या एकाच मेशमध्ये असतील तर इंजिन आत डोकावतच नाही, इंडेक्स बफरमध्ये त्रिकोण ज्या क्रमाने पडले असतील त्या क्रमाने काढतं. तो क्रम बहुतेकदा आर्टिस्टने पट्ट्या ज्या क्रमाने चिकटवल्या तोच. म्हणजे डावीकडून बघितलं तर केस, उजवीकडून बघितलं तर घोटाळा.

यावर आमच्याकडचा रामबाण उपाय असा, की डेप्थ लिहिणं चालू करून टाकायचं. मग काय होतं? पुढची पट्टी चुकून आधी निघाली की तिच्या धूसर कडासुद्धा डेप्थ बफरमध्ये आपली जागा अडवतात. मागची पट्टी त्या कडांच्या मागे असल्याने बाद होते, आणि कडेतून मागचे केस दिसण्याऐवजी थेट टाळू दिसते. टकलाचा उगम हा. तो झाकायला मग कोणीतरी टाळूला काळा रंग फासतो आणि टास्क "डन" करतो.

शॉयरमनने काय केलं होतं? त्याने दर फ्रेमला त्रिकोण लावत बसण्याचा नाद सोडला. डोकं हा ढोबळमानाने गोळा आहे आणि कॅमेरा कवटीच्या आतून कधी बघत नाही. म्हणून टाळूलगतचे थर आधी आणि वरचे थर शेवटी, असा क्रम एकदाच लावून इंडेक्स बफरमध्ये गोठवला, की तो जवळजवळ कुठूनही बरोबर ठरतो. डोक्यापलीकडच्या पट्ट्या डोकंच झाकतं. त्यावर चार फेऱ्या. पहिल्या फेरीत फक्त भरीव पिक्सेल, तेही रंग न लावता, नुसती डेप्थ. दुसऱ्या फेरीत डेप्थ तंतोतंत जुळणाऱ्या पिक्सेलनाच रंग, म्हणजे महागडा शेडर झाकल्या गेलेल्या केसांवर वाया जात नाही. तिसऱ्या फेरीत धूसर कडांचे पाठमोरे भाग, डेप्थ न लिहिता. चौथ्या फेरीत सामोरे भाग, या वेळी डेप्थ लिहून. झालं.

यात चुका करायला जागा आहे, नाही असं नाही. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत व्हर्टेक्सचं गणित वेगवेगळ्या शेडरमधून गेलं तर उत्तर शेवटच्या बिटात हलतं, "तंतोतंत" ही अट फसते आणि केसांत मीठ-मिरी पेरल्यासारखे ठिपके उठतात. खांद्यावर भिरभिरणारा पोनीटेल गोळ्याच्या नियमात बसत नाही. तो वेगळा काढावा लागतो, आणि तिथे थोडी तडजोड आहेच. पण टक्कल ही तडजोड नव्हे.

"आम्ही डिदर लावतो, सॉर्टिंगची भानगडच नाही," हा आजचा वरचढ युक्तिवाद. खरं आहे, भानगड राहत नाही. अल्फा 0.6 असेल तर ठिपक्यांच्या जाळीने 10 पैकी 6 पिक्सेल ठेवायचे, 4 फेकायचे. उरलेला प्रत्येक पिक्सेल भरीव, त्यामुळे क्रमाची गरजच संपली. डिफर्ड रेंडररमध्ये एका पिक्सेलला एकच थर साठवता येतो, तिथे हे सोयीचंही आहे. जाळी मिटवायचं काम मात्र टेम्पोरल अँटीअलायझिंगच्या गळ्यात पडतं, ते मागच्या फ्रेम्स मिसळून गुळगुळीतपणा आणतं. पात्र पुतळ्यासारखं उभं असेल तोवर केस रेशमी. मान झटकली की जुन्या फ्रेम्स निकामी होतात आणि कडेला एक तर वाळू सांडते, नाहीतर केसांमागे भुताची शेपटी लागते. प्रसिद्धीच्या स्क्रीनशॉटमध्ये कोणी मान झटकत नाही, हा निव्वळ योगायोग. डिदर वापरा, माझी ना नाही. पण रिव्ह्यूत मान फिरवून दाखवा.

आता प्लॅस्टिककडे. केस म्हणजे बारीक दंडगोल. त्यावरची चमक पृष्ठभागाच्या नॉर्मलवर ठरत नाही, ती केस कुठल्या दिशेने धावतो यावर ठरते. काजिया आणि के यांनी 1989 साली फरसाठी हे मांडलं. तिथून निघालेली स्वस्त आवृत्ती एवढीशी आहे:

```hlsl
float StrandSpec(float3 T, float3 H, float p)
{
    float d = dot(T, H);
    float s = sqrt(max(0.0, 1.0 - d * d));
    return smoothstep(-1.0, 0.0, d) * pow(s, p);
}
float3 ShiftT(float3 T, float3 N, float k)
{
    return normalize(T + k * N);
}
```

`T` म्हणजे मुळाकडून टोकाकडे जाणारी दिशा, `H` म्हणजे उजेड आणि नजर यांच्या मधली दिशा. केस `H` ला काटकोनात असेल तिथे चमक सर्वात जास्त, म्हणून केसांना आडवा जाणारा पट्टा उमटतो. मार्शनर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मोजून दाखवलं की खऱ्या केसावर असे पट्टे दोन असतात: एक वरच्या पापुद्र्यावरून परतलेला, दिव्याच्या रंगाचा; दुसरा केसाच्या आत जाऊन, मागच्या भिंतीवर आपटून बाहेर आलेला, म्हणून केसाच्या रंगाचा. पापुद्र्याचे खवले तिरपे असल्याने दोन्ही पट्टे एकमेकांपासून सरकलेले असतात. म्हणून वरचं फंक्शन दोनदा चालवायचं, `k` एकदा एकीकडे आणि एकदा दुसरीकडे. त्यात एका करड्या टेक्स्चरने थोडा कमी-जास्तपणा घातला की पट्टा केसागणिक विस्कटतो. खर्च नगण्य.

एवढं सोपं असूनही दोन गोष्टी सतत चुकतात, आणि दोन्ही बघताक्षणी ओळखता येतात. चमक केसांना आडवी जाण्याऐवजी केसांच्या लांबीत उभी ओघळत असेल तर `T` काटकोनात चुकलाय. इंजिनचा टँजंट सहसा टेक्स्चरच्या U दिशेने धावतो आणि केस मात्र V दिशेने रंगवलेले असतात. तिथे बायटँजंट घ्यायला हवा. दुसरी चूक जरा लबाड आहे. पट्टा दिसतो बरोबर आडवा, पण एका कार्डावर वर, शेजारच्यावर खाली, जिन्यासारखा तुटलेला. `k` शून्य करून बघा. पट्टा सांधला गेला तर काही कार्डांचे यूव्ही उलटे लावलेले आहेत. `T` उलटा झाला तरी `d` चा वर्ग तोच राहतो, म्हणून मूळ चमक जवळपास शाबूत राहते आणि सरकवणं तेवढं उलट्या बाजूला जातं. दोन मिनिटांची ही तपासणी न करता लोक शेडरचा घातांक आठवडाभर खालीवर करत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि आपल्याकडचे काळे केस. पिंगट किंवा तपकिरी केसांसाठी जुळवलेलं मटेरियल उचलायचं, रंगाचा काटा काळ्याकडे ओढायचा, मग "भोक पडल्यासारखं दिसतंय" म्हणून तो राखाडी करायचा, हा रिवाज. काळ्या केसात शिरलेला उजेड आतच मरतो, त्यामुळे दुसरा, रंगीत पट्टा जवळपास नाहीसा होतो आणि सगळा भार पहिल्या पांढऱ्या पट्ट्यावर येतो. मूळ रंग काळाच ठेवा, दुसरा पट्टा विझवा, पहिला अरुंद करा आणि तो केसागणिक नीट विस्कटा. तेल लावलेले केस हवे असतील तर पट्टा आणखी अरुंद करा आणि विस्कटणं कमी करा, कारण तेलाने केस एकमेकांना चिकटून एका दिशेने बसतात. राखाडीची गरज उरत नाही.

वेणीत तर `T` ची चूक लपतच नाही. तीन पेडांच्या वेणीत प्रत्येक पेड तिरका जाऊन दुसऱ्याखाली दडी मारतो, म्हणून खऱ्या वेणीवर चमक तुकड्या-तुकड्यांत पडते, प्रत्येक पेडाच्या फुगीर भागावर वेगळी. आमच्याकडे वेणी म्हणजे एक नळी, वर वेणीचा नॉर्मल मॅप, आणि `T` सरळ वरून खाली. मग चमक नळीभोवती बांगडीसारखी फिरते आणि तो पाइप तयार होतो. पेडांच्या दिशा रंगवलेला एक फ्लो मॅप लागतो, बाकी शेडर तोच. एका आर्टिस्टचं दुपारभराचं काम. आमच्या शेड्यूलमध्ये "स्ट्रँड हेअर आर अँड डी" ला तीन महिने आहेत, फ्लो मॅपला एक ओळसुद्धा नाही. आणि तीन महिन्यांनी जे उभं राहील, ते फोनवर आणि लांबच्या कॅमेऱ्याला परवडणार नाही म्हणून तिथे पुन्हा कार्डंच लागतील, त्याच उलट्या यूव्हींची.