दिसते ते आणि दिसत नाही ते

पेढीवर वाढलेला मुलगा पदवी घेऊन एखाद्या कंपनीत नोकरीस लागतो, तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्यास एक कोडे पडते. तेथे सर्वजण वरिष्ठांना एकेरी नावाने हाक मारतात, भिंतीवर ‘निर्भयपणे बोला’ असा फलक असतो. परंतु बैठकीत साहेबांनी मत दिले की बाकीचे गप्प होतात. मोकळेपणा खरा मानावा की ही शांतता?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक एडगर शाइन यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले आहेत. पहिला थर डोळ्यांना दिसणारा : बैठकव्यवस्था, पोशाख, संबोधने, रीतिरिवाज. दुसरा तोंडाने सांगितल्या जाणाऱ्या मूल्यांचा. तिसरा, सर्वांत खोल थर म्हणजे इतक्या अंगवळणी पडलेल्या समजुती की त्या बोलून दाखविण्याची कोणास गरजच वाटत नाही. पहिला थर पाहणे सोपे, त्याचा अर्थ लावणे अवघड, असे शाइन यांचे म्हणणे होते. आणि हा धडा ते स्वतः दोन कंपन्यांत अडखळून शिकले.

पहिली कंपनी म्हणजे केन ओल्सन यांची संगणक बनविणारी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन. शाइन 1966 पासून तेथे सल्लागार होते. बैठकांत माणसे एकमेकांची वाक्ये तोडत, आवाज चढवीत, वाद विकोपाला नेत. शाइन यांनी शांतपणे ऐकून घेण्याचे महत्त्व समजावले. सर्वांनी मान डोलावली आणि पुन्हा भांडणे सुरू केली. त्यांना शिष्टाचार ठाऊक नव्हता असे नव्हे. त्यांची खोलवरची समजूत अशी होती की कल्पना एकट्या माणसाला सुचते, पण ती खरी की खोटी हे ठरविण्याइतका शहाणा कोणीच एकटा नसतो. म्हणून ती चौघांच्या माऱ्यातून टिकली पाहिजे. शिवाय आपण सारे एकाच कुटुंबातले, भांडल्याने कोणी घराबाहेर काढला जात नाही, हीही समजूत सोबतीला होती. हे उमगल्यावर शाइन यांनी उपदेश सोडला. वादात बुडून जाणारा मुद्दा ते उठून मोठ्या कागदावर लिहून ठेवू लागले, आणि तेव्हा कोठे त्यांचा उपयोग झाला.

दुसरी कंपनी स्वित्झर्लंडमधील बाझल शहराची, रसायने व औषधे बनविणारी सीबा-गायगी. येथे दारे बंद, बोलणे मृदू, पदव्यांचा मान मोठा. कंपनीस नावीन्य हवे होते. त्यासाठीच शाइन यांना पाचारण केले होते. त्यांनी उपयुक्त टिपणे लिहून आपल्या संपर्कातील अधिकाऱ्याकडे दिली आणि ज्यांना गरज असेल त्या व्यवस्थापकांना ती पोहोचवावीत, अशी विनंती केली. पुढे त्या व्यवस्थापकांना भेटल्यावर पाहतात तो टिपण पोहोचलेलेच नाही. आळस किंवा विरोध म्हणावा, तर तसेही नव्हते. त्या घरची समजूत अशी, की ज्याचे काम त्याची खाजगी हद्द. न मागता माहिती पाठविणे म्हणजे ‘तुला तुझे काम येत नाही’ असे सुचविणे. मागितली असती तर तीच माहिती तत्काळ मिळाली असती. आपल्याकडेही वडील गादीवर असताना ग्राहकासमोर त्यांचा हिशेब दुरुस्त करणारा मुलगा बरोबर असूनही बोलणी खातो, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

सांगितलेले मूल्य आणि दिसणारी वागणूक जेथे जुळत नाहीत, तेथेच तिसरा थर डोकावतो. सीबा-गायगीत ‘नावीन्य हवे’ आणि ‘टिपण पुढे गेले नाही’ यांतील विसंगतीच शाइन यांना आत घेऊन गेली. मात्र बाहेरच्या माणसाने एकट्याने लावलेला अर्थ बहुधा आपल्याच घरच्या समजुतींनी रंगलेला असतो, आणि आतल्याला तर काही वेगळे दिसतच नाही. म्हणून शाइन दोघांनी मिळून शोध घेण्यावर भर देत. तसेच अशा समजुती कायम हितकारक असतात असेही नाही. वाद घालून सत्य शोधण्याची रीत लहान कंपनीत, जेथे सर्वजण एकमेकांना ओळखत, उत्तम चालली. हजारो माणसे झाल्यावर तीच निर्णयांना अडसर ठरली. 1998 मध्ये ती कंपनी कॉम्पॅकने विकत घेतली. अर्थात, त्यामागे बाजाराची इतरही कारणे होती.

आता त्या नव्या मुलाकडे वळू. पहिल्या महिन्यात ज्या ज्या गोष्टीने दचकायला झाले ती त्याने वहीत टिपावी, कारण दोन-तीन महिन्यांत ते दचकणेच संपते. साहेब कोणत्या गोष्टीवर खरोखर रागावतात, चूक कबूल करणाऱ्याचे पुढे काय होते, बढती कोणास मिळते, हे फलकापेक्षा जवळून पाहावे. मग एखाद्या जुन्या सहकाऱ्यास एकांतात, दोष न देता, विचारावे, ‘बैठकीत सगळे गप्प का होतात?’ ‘साहेबांची भीती वाटते,’ असे उत्तर येऊ शकेल. किंवा असेही कळेल की येथे प्रत्येक विषय आदल्या दिवशी एकेकाशी बोलून संपविलेला असतो आणि बैठक केवळ शिक्कामोर्तबासाठी भरते. दुसरे उत्तर खरे की काय, याची परीक्षा सोपी आहे : पुढचा प्रस्ताव घेऊन बैठकीच्या आदल्या संध्याकाळी साहेबांचे दार ठोठावावे आणि ते खुर्ची पुढे करतात की घड्याळ पाहतात, ते पाहावे.