क्षमापनेचा संदेश देवनागरीत

लालबागच्या एका व्यापारी बंधूंनी व्हॉट्सॲपची भाषा मराठी केली. तरी संवत्सरीची क्षमायाचना रोमन अक्षरांतच उमटली. ॲपच्या भाषेने केवळ त्यातील मेनू बदलतो, अक्षरे मात्र कळफलक देतो. अँड्रॉइडवरील जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये Languages, नंतर Add keyboard निवडून मराठी घ्यावी. तेथे देवनागरी मांडणीही मिळते आणि रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारीही. इमोजीच्या सूचनाही कळफलकाच्या भाषेवरून येतात. इंग्रजी कळफलकाला ‘kshama’चा अर्थ काय कळणार?

मात्र रोमनमधून लिहिताना ‘मिच्छामि दुक्कडम्’मधील शेवटचा पाय मोडायचा राहून जातो आणि ‘दुक्कडम’ उरते. तेव्हा देवनागरी मांडणीवर यावे, ‘म’ टंकून लगेच हलन्ताची कळ दाबावी.