‘टक्क्यांनी’ की ‘टक्क्यांवर’? रिपोर्ट सांगताना इथेच घोळ होतो

परदेशी सेल्स रिपोर्ट साहेबांना समजावताना नुसत्या लेबलांचा अर्थ सांगून भागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. टक्क्याच्या आधीचा छोटा शब्द बघायलाच हवा.

समजा, तुम्ही एका जर्मन कंपनीचा माल विकता. त्यांच्या डॅशबोर्डवर मार्जिनखाली लिहिलंय, `auf 18 % gesunken`. रिजनल मॅनेजर विचारतात, “१८ टक्क्यांनी घसरलं का?” नाही साहेब! `um` असतं तर ‘टक्क्यांनी’. `auf` म्हणजे ‘टक्क्यांवर’. मार्जिन १८ टक्क्यांवर आलंय.

आधी किती होतं? ते `VJ` कॉलममध्ये, म्हणजे मागच्या वर्षाच्या रकान्यात बघा. तिथे आहे `24,0 %`. हा स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश बिंदू, म्हणून २४ टक्के, २४० नव्हे.

आता २४ वरून १८. फरक ६ टक्के-बिंदूंचा, त्याला ते `Prozentpunkte` म्हणतात. पण २४ मधले ६ गेले, म्हणजे मार्जिन पाव हिश्श्याने, २५ टक्क्यांनी घटलं. गोष्ट एकच, आकडे तीन.

साहेबांनी ‘१८ टक्क्यांनी’ धरलं, तर लाखाच्या विक्रीवर त्यांना जवळपास १९,७०० रुपये सुटल्यासारखे वाटतील. हातात असतील १८,०००. त्या भरवशावर डिस्काउंट दिला, की संपलं!

म्हणून टक्केवारी नंतर सांगा. आधी म्हणा, “मागच्या वर्षी शंभराला २४ सुटायचे, यंदा १८.”