तिथी लिहा, पण तारीखही लिहा!

वीस वर्षं बातमीदारी करतोय. दुसऱ्यांच्या बातमीतल्या तारखा तपासण्यात आयुष्य गेलं, आणि घरच्या निमंत्रणात मीच माती खाल्ली.

आमचे अण्णा गेले २२ डिसेंबर २०२४ ला. तिथी मार्गशीर्ष वद्य सप्तमी. वर्षश्राद्ध तिथीनेच करायचं, हे घरात ठरलेलं. मी व्हॉट्सॲपवर निमंत्रण लिहिलं : 'मार्गशीर्ष वद्य सप्तमीस प्रसादास यावे.' बास. तारीख नाही, वार नाही. नोव्हेंबरच्या शेवटी पाठवलं.

अण्णांचे एक जिवलग मारवाडी मित्र होते. चाळीस वर्षं आमच्या पेठेत दुकान, आता राजस्थानात गावी मुलाकडे. त्यांनी तिथलं पंचांग उघडलं. तिथे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणजे मार्गशीर्षातला कृष्ण पक्ष आधी आणि शुक्ल नंतर. आपल्याकडे महिना अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणून वद्य शेवटी. त्यांची मार्गशीर्ष कृष्ण सप्तमी ११ नोव्हेंबरला होऊनही गेली होती. आपली होती ११ डिसेंबरला. बरोब्बर एक महिन्याचा फरक! शुद्ध पक्ष असता तर हा घोळ झालाच नसता, तिथे दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं.

काकांना वाटलं, निमंत्रणच उशिरा मिळालं. मनातून दुखावले, पण बोलले नाहीत. जानेवारीत फोनवर म्हणाले, "बेटा, आधी कळवलं असतं तर आलो असतो रे." काय उत्तर देणार?

दुसरी गंमत अण्णांच्या ऑफिसातल्या मित्रांची. त्यांच्या डोक्यात २२ डिसेंबर पक्की. दोघं त्या दिवशी सकाळी हार घेऊन दारात. तिथी तारखेच्या अकरा दिवस आधी येऊन गेली होती. चांद्र वर्ष तेवढंच लहान असतं.

काही जण म्हणतात, धार्मिक कार्यात इंग्रजी तारीख कशाला? अहो, रेल्वेचं तिकीट तिथीवर निघत नाही आणि रजेच्या अर्जात साहेब सप्तमी विचारत नाही. आणि नुसती तारीख टाकली, तर आमची आत्या फोन करून तिथी विचारतेच. कुणाला तरी वगळायचंच कशाला?

आता मी असं लिहितो : 'गुरुवार, ११ डिसेंबर २०२५ (मार्गशीर्ष वद्य सप्तमी, शके १९४७)'. वार सोडू नका. तारीख छापताना चुकली तर वार जुळत नाही, आणि वाचणारा लगेच फोन करून विचारतो. कार्यक्रम मध्यरात्रीनंतरचा असेल तर 'शनिवारी रात्री एक' असं मोघम नको. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, मोबाइलचा रात्री बाराला. 'शनिवार संपून रविवारी पहाटे १ वाजता' असं सरळ लिहा.

यंदाच्या श्राद्धाचं निमंत्रण काकांना आधी फोनवर देणार आहे, तारीख सांगून.