बापाच्या नावावर मिळालेली ताकद



धुळ्याहून भाची जळगावला राहायला आली ती पर्सी जॅक्सनची पहिली पाच पुस्तकं पिशवीत घालून. आमच्याकडे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, “देवांची भांडणं कसली वाचायची? मुलं बिघडतात.” मला हे पटलं नाही. ग्रीकांचे देव मुळातच भांडखोर. झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या भावांनी आकाश, समुद्र आणि पाताळ चिठ्ठ्या टाकून वाटून घेतलं, ही त्यांचीच जुनी गोष्ट. रिक रायर्डन यांनी 2005 पासून त्याच कुटुंबाला अमेरिकेत आणून बसवलं, एवढंच.

माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे.

पर्सी शिबिरात येतो तेव्हा त्याचा बाप कोण हे कुणाला ठाऊक नसतं. अशी बेवारस मुलं हर्मिसच्या घरात दाटीवाटीने झोपतात. मग एका झुंजीत तो ओढ्यात उतरतो, जखमा भरतात, अंगात बळ येतं आणि डोक्यावर त्रिशूळ चमकतो. पोसायडनचा मुलगा! त्या क्षणापासून त्याला वेगळं घर आणि वेगळा मान. हर्मिसचा मुलगा ल्यूक बापाने टाकल्याच्या रागातूनच शत्रूला मिळतो. लेखकाला हा अन्याय दिसतो, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पाचव्या पुस्तकात पर्सी अमरपण नाकारतो आणि देवांकडे मागतो, की तेराव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला आपलं म्हणा.

पण अन्यायावर उपाय काय, तर सगळ्यांना बापाचं नाव! ताकद बापाकडूनच का यावी, हे कोणी विचारतच नाही.

हाच साचा 2018 मध्ये रोशनी चोक्शी यांच्या ‘अरू शाह’ मालिकेत पांडवांना लागला. अर्जुनाचा आत्मा असलेली मुलगी, तिचा दैवी पिता इंद्र. महाभारताच्या प्रचलित कथेला धरूनच आहे ते. पण आपल्या घरातल्या मुलींना दुसरी कथाही माहीत हवी. जिनसेनाचार्यांच्या हरिवंशपुराणात पांडव पंडूचेच पुत्र आहेत. देव बाप होणार तरी कसा? देवांचा जन्म उपपाताने, गर्भ नाही, मूल नाही. देवगतीही पुण्याचं फळ. आयुष्य सरलं की तीही सरते, मग मागे वारसा कसला ठेवणार?

भाचीने लगेच पकडलं. “मग मावशी, भीमाला ताकद कुठून आली?”

“स्वतःच्याच कर्मातून. वीर्यांतराय कर्माचा क्षयोपशम झाला की बळ प्रकटतं. ते कुणी दिलेलं नसतं. आणि त्या बळाचं शेवटी काय केलं पांडवांनी? दीक्षा घेतली, शत्रुंजयावर तप केलं.”

“म्हणजे गदा टाकून दिली?”

“हो.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पर्सीने तलवार टाकली असती तर सहावं पुस्तक आलंच नसतं.” आणि चौथा भाग उघडून बसली.